मदत हवी आहे: अण्णांचं पोटॅशियम ५.८, घरातल्या कोणत्या गोष्टी बंद करू?

मीनल_सातारा
अण्णा ६७ वर्षांचे आहेत, वीस वर्षांचा मधुमेह. क्रिएटिनिन २.९, ईजीएफआर २३, म्हणजे किडनी बरीच कमी काम करते. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. महिन्यापूर्वी पोटॅशियम ४.९ होतं, आज सकाळच्या रिपोर्टमध्ये ५.८ आलंय. डॉक्टरांची वेळ परवाची आहे. या महिन्यात घरात चार नव्या गोष्टी आल्या. बीपीसाठी मी लो सोडियम मीठ आणलं. शेजारच्या काकूंनी किडनीसाठी म्हणून पुनर्नवा-गोखरूची पूड दिली, ती रोज सकाळी एक चमचा कोमट पाण्यातून घेतात. पायात गोळे येतात म्हणून भावाने मॅग्नेशियमच्या गोळ्या आणल्या, आणि पोट साफ होत नाही म्हणून रात्री मिल्क ऑफ मॅग्नेशिया. अण्णांना त्रास काहीच नाही, फक्त दुपारी फार झोपतात. यातलं काय बंद करू?

बाळासाहेब_क
ताई, घाबरू नका. पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी, आजीच्या काळापासून सुजेवर देतात. वनस्पती आहे, अपाय नाही. फक्त नारळपाणी आणि केळी बंद करा.

रेणुका_आहारतज्ज्ञ
मीनल, परवापर्यंत थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. त्रास नाही म्हणून धोका नाही असं पोटॅशियमच्या बाबतीत धरता येत नाही, कधीकधी पहिली खूण थेट हृदयाच्या ठोक्यांत दिसते. ते ईसीजी काढायला सांगतील, रक्तही परत तपासतील, कारण नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या तर आकडा खोटाच वर दिसतो. छातीत धडधड झाली किंवा हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटली तर फोनही नको, सरळ दवाखाना. टेल्मिसार्टननेही पोटॅशियम वाढतं, पण ते मनाने बंद करू नका. तो निर्णय त्यांचा.

आता मीठ. पाकिटाची मागची बाजू वाचा. पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं असेल. समजा ते ३० टक्के आहे. दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड गेलं, आणि त्यात जवळजवळ ८०० मिलिग्रॅम पोटॅशियम. दोन केळ्यांच्या आसपास, तेही रोज. धडधाकट माणसाला बीपीसाठी हे मीठ चांगलं, तुमच्या अण्णांना नाही. साधं मीठच वापरा, पण कमी.

बाळासाहेब, तुम्ही केळी-नारळपाण्याचं बरोबर सांगितलंत. पण घेटुळीतही पोटॅशियम भरपूर असतं. शिवाय उघड्या पुडीत नेमकं काय काय कुटलंय ते कुणालाच माहीत नसतं. काही झाडपाल्यांत, उदाहरणार्थ ईश्वरीच्या जातीत, असा घटक आहे की तो किडनीच कायमची खराब करतो. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये बारीक होण्याच्या औषधांतून असंच झालं, कित्येक बायकांच्या किडन्या गेल्या.

सुनील_नाशिक
मला मागच्या वर्षी ८ मिमीचा खडा होता. गोखरूचा काढा आणि रोज दोन नारळांचं पाणी, पंधरा दिवसांत खडा पडला. अण्णांनाही द्या.

रेणुका_आहारतज्ज्ञ
सुनीलदादा, तुमची किडनी चांगली होती, ती जादा पोटॅशियम लघवीतून टाकत होती. यांची तेवढं टाकू शकत नाही. इथे नारळपाणी अजिबात नको.

मीनल, मॅग्नेशियमचंही तेच आहे. गोळ्या आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया, दोन वाटांनी एकच गोष्ट पोटात जाते आणि बाहेर निघत नाही. दुपारची झोप त्यामुळे असेल असं मी खात्रीने म्हणत नाही, पण साठलं की सुस्ती येते, अंग ढिलं पडतं, बीपी उतरतं. दोन्ही थांबवा आणि रक्तातलं मॅग्नेशियम तपासायला सांगा. पित्तासाठी कुठली पांढरी पातळ औषधं घेत असतील तर त्यांच्यावरचे घटकही बघा, पुष्कळांत मॅग्नेशियम असतं. पण पोट साफ व्हायलाच हवं. किडनी थकली की काही पोटॅशियम शौचावाटे जातं, ते अडलं तर आकडा आणखी वर जातो. लॅक्टुलोजबद्दल डॉक्टरांना विचारा.

मीनल_सातारा
फोन केला, लगेच बोलावलं. ईसीजी ठीक आला. मीठ, पूड, मॅग्नेशियम सगळं एकदम बंद झालं, टेल्मिसार्टन निम्मं केलं, लॅक्टुलोज सुरू. पाच दिवसांनी पोटॅशियम ५.१. मॅग्नेशियम पहिल्या दिवशी ३.२ होतं, लॅबच्या कागदावर वरची मर्यादा २.४ आहे. अण्णा आता दुपारी पेपर वाचत बसतात. दोष मिठाचा की पुडीचा ते मात्र कळलं नाही, डॉक्टर म्हणाले, सगळं एकदम थांबवलं की वेगळं काढता येत नाही.

गोळे अजून येतात. काल रात्री दोनला पोटरी दगडासारखी झाली होती, मी पाऊल वर ताणून धरलं तेव्हा सुटली. गोळ्यांवाचून यावर काय करता येतं, कुणाच्या घरात अनुभव आहे का?