मदत हवी आहे : शून्य-बिघाड चाचणीला 45 नग की 20?

साकीनाक्याच्या गाळ्यात आम्ही लिमिट स्विच बनवतो. ग्राहकाची अट अशी: 1 लाख सायकलला 95% रिलायबिलिटी, 90% कॉन्फिडन्सने, आणि एकही नग फेल होता कामा नये.

साध्या सूत्राने हिशेब केला:

```
n = ln(1-C) / ln(R)
  = ln(0.10) / ln(0.95) = 44.9
```

म्हणजे 45 नग. आमच्या रिगवर जागा 20चीच. तीन खेपा करता येतील, पण मिनिटाला 10 सायकल धरल्या तर एका खेपेला सात दिवस जातात आणि हातात तीनच आठवडे आहेत. मध्ये वीज गेली की बोंबललं.

दुसरा मार्ग म्हणजे 20च नग, पण दीड लाख सायकल चालवायचे. वायबुलचा बीटा 2 धरला तर 44.9 भागिले 1.5 चा वर्ग, म्हणजे 19.95. अगदी काठावर बसतं. पण बीटा खरोखर 1.5 निघाला, तर त्याच 20 नगांवर कॉन्फिडन्स जेमतेम 85% उरतो.

बीटा 2 हा आकडा गेल्या वर्षी पट्टी तुटून फेल झालेल्या सहा स्विचवरून काढलाय. पट्टी, रिव्हेट, करंट तेच आहे. तरी सहाच नग म्हणजे भरवसा किती, हे मलाही कळतं. व्होल्टेज किंवा वेग वाढवायला ग्राहक तयार नाही. एक बिघाड चालेल अशी योजना घेतली तर 77 नग लागतात, तोही रस्ता बंद.

अशा वेळी तुम्ही बीटाची खालची मर्यादा धरून सायकल वाढवता, की मुकाट 45 नगच चालवता?