ट्रॅव्हल्सवाल्यानंच गाडी रद्द केली : पैसे खात्यात घेतलेत की क्रेडिट नोट? अनुभव सांगा

बाळेकर : गड्ड्याची यात्रा उरकून आईला घेऊन पुण्याला निघायचं होतं. रात्रीची स्लीपर, दोन बर्थ, भाडं १८०० रुपये. १५० चं कुपन लागलं, म्हणजे यूपीआयनं १६५० भरले. संध्याकाळी साडेसहाला मेसेज आला, 'तांत्रिक कारणामुळे गाडी रद्द'. लिंक उघडली तर वर ठसठशीत हिरवं बटण, 'लगेच १८०० ची क्रेडिट नोट'. खाली बारीक अक्षरात, '१६५० मूळ खात्यात, ७ कामकाजाचे दिवस'. आई बॅगा घेऊन दारात उभी. दीडशे जास्त दिसले आणि हिरवं दाबलं. अटी नंतर वाचल्या : ९० दिवसांची मुदत, एकाच बुकिंगला वापरायची, उरले ते गेले आणि सणावाराच्या तारखांना चालत नाही. तुमच्याकडं कुणाला असं झालंय का? झालं असेल तर काय केलंत?

सातरस्ता : मला एसटीचं विचारायचं होतं. मी स्वतःच तिकीट रद्द केलं तर किती कापतात?

बाळेकर : काका, इथं गाडीवाल्यानं रद्द केल्याचं चाललंय.

जुनाबुकिंगवाला : आठ वर्षं ट्रॅव्हल्सच्या काउंटरला काढलीत, म्हणून आतलं सांगतो. सिस्टीममध्ये तिकिटापुढं एकच गोष्ट बघतात, रद्द कुणी केलं. मालकानं केलं तर पूर्ण पैसे. प्रवाशानं केलं तर सुटायच्या वेळेला किती तास उरलेत त्यावर कपात. माझ्यासमोर कितीतरी जणांनी गाडी रद्द झाल्याचं फोनवर कळताच घाईनं ॲपमध्ये जाऊन आपणच 'कॅन्सल' दाबलं आणि निम्मे पैसे घालवले. मालकाकडून रद्द झाल्याची नोंद दिसेपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाही.

आता तुमचं. क्रेडिट नोट दिली की पैसा मालकाच्या गल्ल्यातच राहतो, बटण हिरवं असतं ते त्यासाठी. नोटमधला एक रुपयाही वापरू नका. वापरली की तुम्ही ती मान्य केली असं ते म्हणणार. आजच मेल टाका : तिकीट नंबर, रद्दच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि 'सेवा तुम्ही रद्द केली, नोट रद्द करून १६५० मूळ खात्यात द्या'. १८०० साठी भांडू नका, दीडशे तुमच्या खिशातून गेलेच नव्हते.

वकीलसाहेबांचा_भाचा : सुप्रीम कोर्टानं २०२० मध्येच सांगितलंय, रिफंड द्यावाच लागतो. क्रेडिट बेकायदा आहे.

जुनाबुकिंगवाला : भाचेसाहेब, तो निकाल लॉकडाऊनमधल्या विमान तिकिटांचा. त्यातही क्रेडिट शेलची, म्हणजे पैशांऐवजी पुढच्या प्रवासाला वापरायच्या जमेची, वाट ठेवली होती. बसवाल्याला तो दाखवलात तर हसेल. ग्राहक कायदा २०१९ दाखवा. सेवेत कमतरता असून ठरल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न देणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा धरलीय. पण बाळेकरांनी नोट स्वतः निवडली, हा मुद्दा समोरचा काढणारच. बटणांची मांडणी फसवी होती हे त्यांना दाखवावं लागेल, म्हणून लिंक चालू असेल तर त्या पानाचाही स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आसरा_चौक : माझं वेगळंच. रिफंड झाला म्हणाले, दहा दिवस खात्यात काही नाही. कस्टमर केअरकडं आरआरएन मागितला, बारा आकडी नंबर असतो. बँकेत तो दाखवला तेव्हा कळलं, पैसे माझ्या जुन्या खात्यात जमा झाले होते, यूपीआयला तेच जोडलेलं होतं. कार्डानं भरले असतील तर एआरएन मागायचा म्हणे. नुसतं 'प्रोसेस झालं' यावर ऐकून घेऊ नका.

माढ्याची_सून : आम्हाला 'रिफंडसाठी पिन टाका' असा फोन आला होता. पैसे यायला पिन लागतच नाही, हे मुलानं ओरडून सांगितलं म्हणून वाचलो. कुणी टाकला असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

रेल्वे_लाइन्स : मी एजंटकडं रोख दिले होते. एजंट म्हणतो, रिफंड माझ्या वॉलेटला येणार, मग बघू. इथं मूळ खातं कुणाचं? माझं की त्याचं?

जुनाबुकिंगवाला : कागदावर त्याचंच. पावतीवर तुमचं नाव आणि रक्कम आहे का?

रेल्वे_लाइन्स : चिठ्ठी आहे हो. नुसते सीट नंबर आणि त्याची सही.

बाळेकर : अपडेट. मेलला उत्तर आलं, 'निवड अंतिम आहे'. मग ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर तक्रार नोंदवली. नवव्या दिवशी कंपनीचा फोन, 'सर, गुडविल म्हणून नोट काढून पैसे टाकतो'. काल १६५० जमा झाले. त्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून आईला उभ्यानं आणली, त्याचं काय मागायचं आणि कुणाकडं, ते अजून कळलेलं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही असं ऐकलंय. कुणी तिथपर्यंत गेलंय का?

सातरस्ता : माझं एसटीचं राहिलं की ओ.