शब्दचर्चा : निवेदनात 'विटाळ' म्हणावं की 'पाळी'?

कसबेकर : आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा ऋषिपंचमीचं निवेदन माझ्याकडे आहे. त्या दिवशी पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो बायका एकत्र अथर्वशीर्ष म्हणतात, तिथून सुरुवात केलीये. पुढे हे व्रत मुळात कशासाठी करत, तेही यायला हवं. मी लिहिलंय, 'रजस्वला असताना नकळत घडलेल्या स्पर्शदोषासाठी हे व्रत करत.' समोर आज्या असतील आणि दहावीतल्या मुलीही. 'रजस्वला' मुलींना कळणार नाही, 'विटाळ' कुणाला तरी लागेल. काय घालू?

नळस्टॉप : सरळ 'पाळी' घाला. जी पाळायची ती पाळी, शब्दच 'पाळणे'वरून आलाय. जुनं-नवं दोन्ही त्यात आलं.

निवृत्त बाई : नाही हो. 'आज पाणी भरायची पाळी कुणाची', 'आळीपाळीने' यातली ती पाळी. ठरावीक काळाने फिरून येते ती. 'पाळणे' वेगळं. पण तुमचं अर्धं बरोबर आहे, कारण बायका 'आमच्याकडे पाळतात' असंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला काय पाळतात ते सांगावं लागत नाही.

कसबेकर, 'पाळी' आणि 'विटाळ' एकमेकांच्या जागी बसणारे शब्द नाहीत. पाळी ही शरीराची गोष्ट. विटाळ ही तिच्याबद्दलची समजूत. ऋषिपंचमीच्या कहाणीत बाई शिवायची नसताना घरात वावरते, तेव्हा आमची आजी म्हणायची, 'विटाळ घरात कालवला.' हे क्रियापद बघा. आपण वरणभात कालवतो. एकदा कालवला की वरण वेगळं काढता येत नाही. विटाळ ही जणू वस्तू आहे, ती भांड्याला, अन्नाला, माणसाला लागते आणि पसरते, असं त्या काळी वाटे. म्हणूनच कहाणीत एकट्या बायकोला नव्हे, नवऱ्यालाही पुढचा जन्म भोगावा लागतो. ती कुत्री होते, तो बैल. 'स्पर्शदोष' म्हटलंत तर यातलं काहीच पोचणार नाही. 'विटाळ' ठेवा, फक्त तो निवेदिकेचा शब्द होऊ देऊ नका. 'याला विटाळ मानत' असं लिहा. 'मानत' शब्दाने तुमचं काम होतं.

धायरीची सून : मला वेगळंच विचारायचंय. गौरीजेवणाच्या दिवशीच माझी तारीख येतेय. सासूबाई म्हणतात, गोळी घेऊन पुढे ढकल. घेऊ का?

निवृत्त बाई : अगं, गोळीचं डॉक्टरांना विचार, इथे नको. मैत्रिणीच्या गोळ्या तर अजिबात घेऊ नकोस. आणि जाऊबाईंनी नैवेद्य दाखवला तर चालेल का, हे सासूबाईंना विचारून बघ. पुष्कळ घरांत आता तसंच करतात.

जुना पेठकरी : 'मानत' असा भूतकाळ कशाला? आमच्या घरी आजही मानतात. माझी बायको चार दिवस देवघरात जात नाही, तिला कुणी अडवत नाही. तिच्या लेखी ते सोवळं आहे, अपमान नाही. निवेदनात तिलाही जागा हवी.

कसबेकर : काका, हे पटलं. 'काही घरांत आजही पाळतात' असं वाक्य घालते.

फर्ग्युसन रोड : पण 'पाळतात' म्हटलं की सगळं स्वखुशीचं वाटतं. मी अकरावीत होते, तेव्हा आरतीला मला दाराबाहेर उभं केलं होतं. सगळ्यांना प्रसाद हातात दिला, माझा वरून टाकला. मी काही पाळत नव्हते, माझ्याकडून पाळून घेत होते. दोन्ही क्रियापदं हवीत.

निवृत्त बाई : हे अगदी खरं. 'कुणी पाळतात, कुणाला पाळायला लावतात' असं लिहा. काकांच्या घरचंही त्यात आलं आणि हिचंही.

जुना पेठकरी : अजून एक. अथर्वशीर्षाच्या परिच्छेदात 'पूर्वी स्त्रियांना वेदमंत्रांचा अधिकार नाकारला' असं असेल, तर जपून. शास्त्रात 'अधिकार' म्हणजे हक्क नव्हे, पात्रता. उपनयन झालेल्याला वेदाचा अधिकार, एवढाच अर्थ.

फर्ग्युसन रोड : आणि मुलींचं उपनयनच करायचं नाही! म्हणजे पात्रता मिळवायची वाटच बंद. शब्दार्थ तुमचा बरोबर, काका, पण 'नाकारला' चुकीचं कसं?

निवृत्त बाई : दोघांचंही ऐकून मी असं लिहीन : 'स्त्रियांना वेदमंत्रांचा अधिकार नाही, असं परंपरा सांगे.' आणि लगेच आजचं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत बायका पौरोहित्य शिकतात, लग्नं लावतात. काही घरं त्यांना आवर्जून बोलावतात, काहींना अजून गुरुजीच लागतात.

कसबेकर : आता असं झालंय : 'पाळीच्या दिवसांत बाईच्या स्पर्शाने विटाळ होतो असं मानत आणि नकळत तसा स्पर्श झाला असेल तर त्याच्या क्षालनासाठी हे व्रत करत. कुणी आजही पाळतात, कुणाला पाळायला लावतात, कुणी सोडून दिलं आहे. त्याच ऋषिपंचमीच्या पहाटे हजारो बायका गणपतीपुढे अथर्वशीर्ष म्हणतात.'

जुना पेठकरी : 'पाळायला लावतात' मला अजून टोचतंय. पण काढा म्हणणार नाही.

फर्ग्युसन रोड : आणि मला 'क्षालन' टोचतंय. धुवायला मुळात काही लागलेलं होतं, असं त्यातून निघतं. 'त्यासाठी' एवढंच पुरे नाही का?

निवृत्त बाई : व्रत करणारीला तसं वाटत होतंच ना, मग 'क्षालन' तिच्या बाजूने खरं आहे. पण तुझी शंकाही सोडवत नाही. कसबेकर, दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचून बघा.