दोन ॲप, दोन मध्यरात्री
> "दोन्ही ॲपमध्ये आजची विक्री रोज पहाटे वेगळी दिसते, नंतर आपोआप जुळते. चुकतंय कोण?"

दादा, बहुधा कोणीच नाही. बिलिंगचं ॲप आपल्या रात्री 12 ला दिवस बदलतं. रिपोर्टचं ॲप यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ धरत असेल, तर त्याची मध्यरात्र आपल्या पहाटे 5:30 ला होते. समजा, काल 42 बिलं झाली. पहाटे 3 ला पहिल्यात 'आज' 0, दुसऱ्यात अजून 42. साडेपाचला दोन्ही शून्यावर.

फरक बरोबर 5:30 लाच मिटतो का, ते नक्की पाहा. मिटत असेल तर रिपोर्टच्या सेटिंगमध्ये टाइमझोन Asia/Kolkata करा. ते न बदलता रात्री 1 ला ऑनलाइन ऑर्डर आली, तर ती रिपोर्टमध्ये कालच्या खात्यात जाते. मग तेवढा फरक दिवसभर राहतो, आणि हिशेब खरा तिथेच बिघडतो.