यीस्ट टाकूनही पेरॉक्साइडचा फेस बाटलीबाहेर येत नाही, मदत हवी आहे

जुळेसोलापूर_टीचर: शनिवारी आठवीला उत्प्रेरक दाखवायचाय. मेडिकलमधलं 20 व्हॉल्यूमचं हायड्रोजन पेरॉक्साइड 50 मिली, एक चमचा भांड्यांचं लिक्विड, कोमट पाण्यात कालवलेलं एक चमचा यीस्ट, सगळं अर्ध्या लिटरच्या बाटलीत. फेस निम्म्याच्या जरा वर आला आणि थांबला. यीस्ट खराब आहे का? लॅबमधलं मँगनीज डायऑक्साइड वापरू का?

खमंग_खाऊ: यीस्ट झोपलंय ताई, चिमूटभर साखर घाला म्हणजे कार्बन डायऑक्साइड सुटतो, पाव फुगतो तसंच आहे हे.

निवृत्त_केमिस्ट्री: यीस्टबद्दलची शंका रास्त आहे, उकळत्या पाण्यात कालवलं तर ते खरंच निकामी होतं. पण साखरेचा इथे उपयोग नाही. यीस्टमधलं कॅटालेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं. विझत आलेली उदबत्ती फेसात धरा, ती भडकून पेटेल, कार्बन डायऑक्साइड असता तर विझली असती. साबण नसला तर हाच ऑक्सिजन बुडबुडे फुटून उडून जातो, साबणाची पातळ कातडी त्याला धरून ठेवते म्हणून फेस दिसतो. आता हिशोब बघा, 20 व्हॉल्यूम म्हणजे 1 मिलीतून 20 मिली ऑक्सिजन, म्हणजे 50 मिलीतून 1 लिटर निघायला हवा. तुमची बाटली कधी उघडली होती? 5 मिली घेऊन निघणारा वायू पाण्याने भरलेल्या उलट्या मोजपात्रात नळीने गोळा करा.

जुळेसोलापूर_टीचर: मे महिन्यात उघडलेली, पत्र्याच्या खोलीत होती सर. आत्ताच मोजलं, 30 मिलीच आला.

निवृत्त_केमिस्ट्री: म्हणजे 100 च्या जागी 30, पेरॉक्साइड 6 व्हॉल्यूमचं उरलंय. 50 मिलीतून 300 मिली, तुमचा फेस तेवढाच तर होता. उन्हाळ्यात ते आपोआप फुटत गेलं, यीस्टचा दोष नाही.

टॉवेल_प्रोसेसिंग: मी एमआयडीसीत ब्लीचिंगला आहे मॅडम, आमच्याकडे 50 टक्क्यांचा कॅन येतो, थोडं देऊ का? डाइंगच्या आधी कापडातलं उरलेलं पेरॉक्साइड मारायला आम्ही पण कॅटालेजच टाकतो, त्याला पेरॉक्साइड किलर म्हणतो.

निवृत्त_केमिस्ट्री: दादा, किलरची गोष्ट पोरांना नक्की सांगायला लावतो, पण तो कॅन शाळेत नको. एवढ्या तीव्र पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइड पडलं की उष्णतेने पाणी उकळून वाफेसकट उसळतं, अंगावर उडालं तर कातडी पांढरी पडून भाजते. मेडिकलची नवी बाटली घ्या, आणि प्रयोगाला बूच कधीच लावू नका.

जुळेसोलापूर_टीचर: नवी बाटली आणली, फेस ताटात सांडला, बाटली हाताला गरम लागत होती! मँगनीज डायऑक्साइडनेही करून पाहिलं, पण फेस कमी, काळपट आणि मोठ्या बुडबुड्यांचा. असं का?

निवृत्त_केमिस्ट्री: पूड जड, तळाशी बसते आणि तिथूनच वायू सुटतो. यीस्ट सगळ्या पाण्यात पसरतं, म्हणून बुडबुडे बारीक आणि फेस घट्ट. पण उत्प्रेरक संपत नाही हे दाखवायला पूडच बरी, गाळून वाळवून वजन करा.

जुळेसोलापूर_टीचर: केलं सर. 1 ग्रॅम टाकली होती, 0.92 भरली. गाळणकागदावर राहिली असेल का अजून काही?

खमंग_खाऊ: कागद आधी कोरडा तोलला होता का ताई?