मदत हवी आहे: परवा भाषण आहे आणि 'तीन-तीन'चं गणित जमत नाहीये

उपाशी_उमेदवार: सरांनी सांगितलं वाक्यं रिपीट कर, तीन-तीनचे गट कर, लय येते. केलं सगळं. रूममेटला वाचून दाखवलं तर म्हणाला स्टेशनवरची अनाउन्समेंट वाटतेय. काय चुकतंय? पटकन सांगा प्लीज.

बाराखडी: पद कुठलं, किती मिनिटं, माईक आहे का वर्गावर्गात जाऊन बोलायचंय? आणि मजकूर टाक की, तो न बघता काय सांगणार डोंबल.

वाडीचाबंड्या: कॉलेजात निवडणुका असतात अजून? आमच्याकडे महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर मार्कांवरच नेमणूक. 2016 च्या कायद्यात परत निवडणूक लिहिली म्हणे, आमच्या कॉलेजला काही दिसली नाही बुवा.

उपाशी_उमेदवार: मी गोव्यात आहे हो, डिचोलीकडे. जीएसला उभा आहे, हॉलमध्ये 3 मिनिटं, माईक आहे. हा घ्या तुकडा:

"आम्हाला स्वच्छ पाणी पाहिजे आहे. आम्हाला वेळेवर बस पाहिजे आहे. आम्हाला चांगली लायब्ररी पाहिजे आहे. आम्हाला सुरक्षित कॅम्पस पाहिजे आहे. आम्हाला पारदर्शक कारभार पाहिजे आहे."

नारळफोड्या: पाचाचे तीन कर आणि यमक जुळव, झालं काम. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' बघ, तीनच आहेत म्हणून लक्षात राहतं.

बाराखडी: त्यात यमक कुठाय? आणि बाबासाहेब 1942 ला नागपूरला इंग्रजीत एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज म्हणाले होते, म्हणजे संघर्ष मधे. मराठी घोषणेत तो शेवटी आला आणि सगळा जोर त्याच्यावर गेला.

नारळफोड्या: तेच म्हणतोय मी, तीन!

तिसरीघंटा: पाच जास्त आहेतच, पण खरी गोची वेगळी आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे तुझ्या प्रत्येक वाक्यात कानावर आदळतंय 'पाहिजे आहे', आणि पाणी, बस हे कामाचे शब्द मधल्यामधे चेंगरतायत. पसायदान मोठ्याने म्हणून बघ. सांडो, वाढो, जडो, आणि मग 'मैत्र जीवांचें'. तीन चरण एकाच आवाजावर संपतात, चौथा आखूड, आणि तो आवाज मोडतो. मोडतो म्हणून तर तो ऐकू येतो. ओवीची चालच ती. तू मोडतच नाहीस, म्हणून स्टेशन. हे म्हणून बघ:

"नळ आहे, पाणी नाही. बसस्टॉप आहे, बस नाही. लायब्ररी आहे, पण चारनंतर चावी कुणाकडे, माहीत नाही. आणि आपण गप्प."

तिसरं मुद्दाम लांबवलंय, अन्न-वस्त्र-निवारामधे निवारा लांब आहे तसं. तिसऱ्या 'नाही'नंतर एक श्वास थांब, शेवटचं खालच्या आवाजात. हे तीन मिनिटांत एकदाच, फार तर परत शेवटी. सगळंच तीन-तीन केलंस तर लोक मोजायला लागतात.

मठ्ठा_विथ_जिलबी: मोजतातच! आमच्याकडे एकाने 'बदल हवाय' सहा वेळा घेतलं. चौथ्यांदा त्याच्या आधी मागच्या बाकांनीच म्हटलं, पाचव्यांदा कुणीतरी 'सुट्टे हवेत' ओरडलं, पुढचं भाषण कुणी ऐकलंच नाही.

सुमनताई_ठाणे: छान चर्चा. माझी मुलगी पाचवीत आहे, वक्तृत्व स्पर्धेचा विषय 'पाणी वाचवा', ही नळाची ओळ वापरली तर चालेल का?

उपाशी_उमेदवार: ताई परवापर्यंत थांबा 🙏 @तिसरीघंटा, चावी प्यूनकाकांकडे असते, अख्ख्या कॉलेजला माहीत आहे. आणि ते समोरच बसणार.

तिसरीघंटा: मग ती ओळ बोललास की हॉल त्यांच्याकडे बघून हसणार, काढ. "लायब्ररी आहे, पण लेक्चर संपल्यावर बसायला उघडी नाही" असं कर. 'कुलूप'वर संपवू नकोस, तिसऱ्यालाच 'नाही' तुटलं तर चौथ्याला मोडायला काही उरत नाही. आणि खरंच बंद असते ना तेवढं बघ.

उपाशी_उमेदवार: चारला बंद होते, आमचं लेक्चर साडेतीनला सुटतं. म्हणजे उघडी असते, अर्धा तास 😐

बाराखडी: मग "अर्ध्या तासावर उघडी नाही" म्हण. खरंही आहे आणि टोचेल जास्त.

उपाशी_उमेदवार: हे भारी! एकच अजून, शेवटची ओळ कोंकणीत घेऊ का, "आनी आमी ओगी"? पोरं घरी तेच बोलतात.

तिसरीघंटा: घे. भाषा पण मोडते, आवाज पण.

नारळफोड्या: नको, मराठीत चाललेलं अचानक कोंकणी झालं तर पब्लिक हसेल, गंभीर ओळ फुकट जाईल. यमक जुळव सांगतोय.

मठ्ठा_विथ_जिलबी: मला पण हसतील असंच वाटतंय. पण हसून टाळ्या का हसून शिट्ट्या, ते हॉलवर आहे.

उपाशी_उमेदवार: रूममेटला दोन्ही वाचून दाखवले. कोंकणीला हसला, मराठीला विचारतो "संपलं?"