मदत हवी आहे: क्रीडा शिष्यवृत्तीसाठी कोचचं शिफारसपत्र, नमुना आहे का कोणाकडे?

अजित_प:
मुलीच्या क्रीडा शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोचचं शिफारसपत्र लागतंय. शुक्रवार शेवटचा दिवस. नेटवरचे नमुने चाळले, सगळीकडे तेच 'मेहनती, शिस्तप्रिय, संघभावना असलेली'. कोणाकडे बरा नमुना असेल तर कृपया टाका. मेडल्स भरपूर आहेत, तो प्रश्न नाही.

पावसाळी_ढग:
खेळ कोणता? कोच तिला किती वर्षं ओळखतात? आणि पत्र वाचणार कोण, समिती की तिथला कोच?

अजित_प:
अ‍ॅथलेटिक्स. घाई आहे हो, नुसता फॉरमॅट मिळाला तरी चालेल.

सुलभा_म:
गुणपत्रिका, जन्मदाखला, फोटो सगळं एकाच पीडीएफमध्ये करा आणि फाइल लहान ठेवा. मोठी फाइल अपलोड होता होता अडकते आणि ऐनवेळी सर्व्हर बसतो.

पावसाळी_ढग:
सुलभाताई, ते पत्राबद्दल विचारतायत.

स्टॉपवॉच:
'अ‍ॅथलेटिक्स' म्हणजे गोळाफेकही आणि मॅरेथॉनही. स्पर्धा प्रकार, सर्वोत्तम वेळ किंवा अंतर, ते कधी नोंदलं गेलं आणि गेल्या दोन हंगामांत काय बदललं, एवढं सांगा. मग पत्रात काय लिहायचं ते सांगता येईल. नुसत्या फॉरमॅटला काही अर्थ नाही.

अजित_प:
४०० मीटर. बेस्ट ५६.८. कोच म्हणाले, तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो. म्हणून तर नमुना मागतोय.

रेषेपलीकडे:
हे आधी सांगायचं ना! वडिलांनी लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदात कळतं. कोच 'ती शेवटच्या शंभरात खांदे वर घेते' असं लिहितो, वडील 'तिने नेहमीच कुटुंबाचं नाव उंचावलं' असं लिहितात.

बाळासाहेब_के:
एवढं काय त्यात? सगळेच असं करतात. मेडल्सची यादी टाका, खाली सही-शिक्का, झालं. ५६.८ इलेक्ट्रॉनिक नसेल तर त्यात ०.२४ मिळवून लिहा, म्हणजे कोणी आक्षेप घेणार नाही.

स्टॉपवॉच:
बाळासाहेब, ०.२४ हे १०० आणि २०० मीटरसाठी. ४०० ला ०.१४ धरतात. पण पत्रात काहीच मिळवू नका. वेळ जशी नोंदली गेली तशी लिहा आणि पुढे 'हँड टायमिंग' म्हणा. रूपांतर करायचं तर वाचणारा करेल. अर्जात ५६.८ आणि पत्रात ५६.९४ दिसलं तर त्याला वाटेल, दोघांपैकी एक जण काहीतरी लपवतोय.

यादीबद्दल बोलायचं तर मेडल्स अर्जात आधीच आहेत. निकालपत्रकात जे दिसत नाही ते सांगायला पत्र असतं. अजितराव, तिची इलेक्ट्रॉनिक वेळ आहे का? आणि कोच २०० चे स्प्लिट घेतात का? घेत असले तर त्यांच्या वहीत असतील.

शैला_पोहते:
मुलाच्या पोहण्याच्या अर्जातही हाच घोळ झालाय. २५ मीटरच्या तलावातली वेळ ५० मीटरच्या तलावाची म्हणून लिहिली गेली. लहान तलावात वळणं जास्त, म्हणून वेळ कमी येते. ती आता बदलता येईल का?

पावसाळी_ढग:
शैलाताई, वेगळा धागा काढा, इथे हरवेल. थोडक्यात, अर्ज पाठवून झाला असेल तर कोचने स्वतः दुरुस्तीची ओळ लिहून पाठवावी. चूक समितीच्या लक्षात येण्याआधी ती गेलेली बरी.

अजित_प:
वही मिळाली. इलेक्ट्रॉनिक गेल्या हंगामात ५८.९२, यंदा ५७.३१. स्प्लिट कोचनी घड्याळावर घेतलेत, आधी २६.६ आणि ३२.३, आता २७.२ आणि ३०.१. मधे पाच महिने काहीच नाही, नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. ते लिहायचं नाही असं ठरवलंय.

स्टॉपवॉच:
अहो, तुमचं पत्र या आकड्यांतच आहे! पहिले २०० मीटर ती आता ०.६ सेकंद सावकाश धावते आणि दुसऱ्या २०० मध्ये २.२ सेकंद वाचवते. दोन्ही भागांतला फरक ५.७ वरून २.९ वर आला. आधी जोरात सुटून शेवटी मोडायची, आता वेग वाटून घेते. निकालपत्रकात फक्त १.६ सेकंदांची सुधारणा दिसते, तिचं कारण कोचलाच माहीत.

मधला परिच्छेद साधारण असा येईल:

'गेल्या हंगामात ती पहिले २०० मीटर २६.६ मध्ये धावायची आणि शेवटच्या वळणानंतर तिची पावलं आखूड व्हायची. यंदा आम्ही सुरुवात मुद्दाम २७.२ पर्यंत सावकाश केली. हे तिला पटायला वेळ लागला. सरावात सोबतच्या मुली पुढे गेल्या तरी तिने ठरलेला वेग सोडला नाही. तिची यंदाची सर्वोत्तम इलेक्ट्रॉनिक वेळ ५७.३१ आहे. स्प्लिट मी हातातल्या घड्याळावर घेतले आहेत.'

यातली प्रत्येक गोष्ट कोचने पाहिलेली असायला हवी. पावलं आखूड होत नसतील तर ते वाक्य काढा. म्हणून तुम्ही पत्र लिहू नका. तारखा, वेळा आणि वहीतली पानं कोचला द्या, बाकी ते चार ओळी बोलतील आणि तुम्ही टाइप करा. एक पान पुरे.

बाळासाहेब_के:
दुखापत नाही लिहायची हे बरोबर. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला?

रेषेपलीकडे:
उलट! पाच महिने निकालच नसले तर वाचणारा सर्वांत वाईट तेच धरून चालतो. ५८.९२ दुखापतीआधीची आणि ५७.३१ नंतरची, ही तर जमेची बाजू आहे. 'दुखापतीनंतर पूर्ण सरावात परतली आणि त्यानंतर ५७.३१' एवढं एक वाक्य पुरे.

स्टॉपवॉच:
मुलीची परवानगी घेऊनच. हाड कोणतं, उपचार काय, हे पत्रात नको. आणि अर्जात वैद्यकीय माहितीचा रकाना असेल तर तिथे खरं ते लिहावंच लागेल. पत्रात घ्यायचं की नाही यावर माझं मत रेषेपलीकडेंच्या बाजूचं आहे, पण मी वाचणारा नाही.

अजित_प:
मुलगी नको म्हणतेय, तिची आई हो म्हणतेय. बघू. दुसरीच अडचण आलीय. आत्ता कळलं की पत्र आम्ही जोडायचंच नाही, कोचच्या ईमेलवर लिंक जाते. ती त्यांना आली नाही.

पावसाळी_ढग:
स्पॅम बघायला सांगा. तिथे नसेल तर अर्जात त्यांचा पत्ता नीट तपासा, एक अक्षर चुकलं तरी लिंक भलतीकडे जाते. पत्ता बरोबर असेल तर अर्जाच्या पानावर लिंक पुन्हा पाठवायची सोय बहुतेक ठिकाणी असते.

अजित_प:
स्पॅममध्येच होती. पण तिथे पत्राशिवाय एक फॉर्मही आहे. 'तुमच्या आजवरच्या खेळाडूंत हिचं स्थान: वरचे २%, ५%, १०%, २५%'. कोच म्हणतात २% वर टिक करू.

स्टॉपवॉच:
त्यांनी आजवर किती जणांना शिकवलंय?

अजित_प:
तीस-पस्तीस असतील.

स्टॉपवॉच:
तीस-पस्तीसात २% म्हणजे एक माणूसही होत नाही. वरच्या तिघांत असेल तर १०% वर टिक करा आणि पत्रात लिहा, 'मी शिकवलेल्या पस्तीस धावपटूंपैकी ४०० मीटरमध्ये ती वरच्या तिघांत'. कोणाशी तुलना केली हे सांगितलं की १०% ला वजन येतं.

बाळासाहेब_के:
बाकी सगळे २% वर टिक करणार, आणि ही प्रामाणिकपणे मागे राहणार.

रेषेपलीकडे:
शिष्यवृत्ती देणारे एकाच कोचची पत्रं वर्षानुवर्षं वाचतात, बाळासाहेब. यंदा २% म्हटलं तर पुढच्या वर्षीच्या मुलीचं काय?

अजित_प:
कोचकडून अर्ज करणारी ही पहिलीच असली तर?